फोटोतला मीटर ओळखताना

बिघाडाची बातमी हल्ली आधी फोटोतून येते. शेतावरच्या स्टार्टरची उघडी पेटी, तिच्या झाकणाला टेकवलेला एक पिवळा मीटर, काळी-लाल वायर, कडेला अर्धवट दिसणारा कुणाचा तरी अंगठा आणि खाली एकच ओळ: "मामा, याने चेक करू का?" तालुक्याच्या गावी दुकानात बसलेल्या वायरमनला तेवढ्या फोटोवरून दोन गोष्टी ठरवायच्या असतात. हातातले उपकरण कोणते आहे, आणि आत्ता ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत ते त्या पेटीला लावले तर काय होईल. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर पेटीसमोर उभ्या असलेल्या माणसाचा हात आणि चेहरा भाजतो. म्हणूनच या पुस्तिकेत कॅटलॉगमधली पांढऱ्या पार्श्वभूमीवरची चित्रे घेतलेली नाहीत. इथले फोटो पेटीसमोर, कमी उजेडात, घाईने आणि तिरके काढलेले आहेत, कारण खरे फोटो तसेच येतात.

मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर आणि टेस्ट लॅम्प ही तीन साधने वेगळी का आहेत, हे त्यांच्या आकारापेक्षा त्यांच्या लाइनशी असलेल्या नात्यावरून लवकर कळते. मल्टिमीटर दोन ठिकाणी टेकतो आणि त्या दोन ठिकाणांतले व्होल्टेज सांगतो; टेकताना लाइनमधून जवळजवळ काहीच घेत नाही. क्लॅम्प मीटर वायरीला टेकतसुद्धा नाही, तिच्याभोवती कडे घालतो आणि आतून किती अँपिअर वाहत आहेत ते सांगतो. टेस्ट लॅम्प लाइनवर चक्क बोजा टाकतो: बल्ब पेटवायला लाइनमध्ये दम आहे की नाही, एवढेच त्याला विचारायचे असते. फोटो पाहताना हे नाते डोक्यात असले की नजर आपोआप योग्य जागी जाते.

पहिली नजर वरच्या टोकाला जावी. तिथे सांडशीसारखा, उघडमीट होणारा जबडा असेल आणि बाजूला तो उघडायचा खटका असेल तर तो क्लॅम्प मीटर, आपल्याकडच्या वर्कशॉपमधला टोंग टेस्टर. त्याच्या तळाशी दोन-तीन सॉकेटे आणि त्यांत खोचलेल्या वायरी दिसल्या तरी गोंधळू नये. बहुतेक क्लॅम्प मीटर व्होल्टेज आणि ओहमही मोजतात, पण त्यांची ओळख जबडाच आहे. जबडा नाही, पण मध्यभागी गोल फिरवायचा नॉब, वर आकड्यांची काच आणि खाली सॉकेटे असतील तर तो मल्टिमीटर. यांपैकी काहीच नसेल, ना काच, ना नॉब, फक्त होल्डरमधला बल्ब आणि त्यातून निघालेली दोन मोकळी टोके असतील, तर तो टेस्ट लॅम्प.

ओळख इथे संपत नाही, कारण टेस्ट लॅम्पला दोन जुळी भावंडे आहेत आणि फोटोत ती हुबेहूब त्याच्यासारखी दिसतात. एक आहे सिरीज लॅम्प. वर्कशॉपमध्ये इस्त्री, पंखा किंवा मिक्सर शॉर्ट आहे का हे पाहायला वापरतात तो. त्यातही होल्डर, बल्ब आणि दोन मोकळी टोके असतात. फरक एवढाच की त्याची तिसरी बाजू प्लगला जोडलेली असते. तो लाइनला विचारत नाही, तो स्वतः लाइन आहे! त्याच्या मोकळ्या टोकांपैकी एकावर बल्बमधून आलेला फेज असतो आणि बल्ब विझलेला असतानाही तो तिथेच असतो. ते टोक हातात आले आणि पाय ओल्या फरशीवर असले तर बल्ब मध्ये आहे म्हणून कुणी वाचत नाही. बल्ब पेटायला लागणारा करंट माणसाला मारायला लागणाऱ्या करंटपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यामुळे बल्ब आणि दोन वायरी असलेला फोटो आला की वायरीचा माग काढत जावे आणि कुठे प्लग दिसतो का ते पाहावे. प्लग फोटोच्या चौकटीबाहेर असेल तर दुसरा फोटो मागवावा.

दुसरे भावंड मोटारगाड्यांच्या गॅरेजमधले. स्क्रू ड्रायव्हरसारखी मूठ, पुढे टोकदार सुई, मुठीत इवलासा दिवा आणि मागून निघालेल्या वायरीला मगरचिमटा. हा १२ किंवा २४ व्होल्टचा, गाडीच्या बॅटरीसाठीचा टेस्ट लॅम्प. घरातल्या निऑन टेस्टरशी तो फार मिळताजुळता दिसतो, पण निऑन टेस्टरला मगरचिमटा नसतो. गाडीचा लॅम्प २३० व्होल्टला लावला की दिवा तर जातोच, आणि मुठीतून सुईपर्यंतचा सगळा रस्ता त्या व्होल्टेजसाठी बनवलेलाच नसतो.

आता त्या पिवळ्या मीटरकडे वळू, कारण दहा फोटोंत सर्वाधिक वेळा तोच दिसतो. बाजारात वेगवेगळ्या नावांनी मिळणारा 'DT830D' हा नमुना. हाताच्या पंज्यात मावेल एवढा, मधोमध काळा नॉब, उजव्या बाजूला खाली एकाखाली एक तीन सॉकेटे. सर्वांत खाली COM, मध्ये VΩmA आणि वर 10ADC. काळी वायर नेहमी खालच्या सॉकेटमध्ये. लाल वायर मधल्या सॉकेटमध्ये असेल आणि नॉब व्होल्टच्या नागमोडी खुणेच्या भागात, म्हणजे २०० किंवा ७५० वर असेल, तर मीटर एसी व्होल्टेज मोजायला सज्ज आहे. घरातल्या २३० व्होल्टसाठी नॉब ७५० वरच हवा. २०० चा टप्पा त्याला पुरत नाही.

फोटोत लाल वायर वरच्या सॉकेटमध्ये दिसली तर तिथेच थांबायचे आणि फोन लावायचा. हे सॉकेट अँपिअर मोजण्यासाठी आहे. अँपिअर मोजताना मीटर लाइनमध्ये अडवून बसवावा लागतो, म्हणजे सगळा करंट मीटरच्या पोटातून जातो आणि त्याला अडथळा होऊ नये म्हणून COM आणि 10ADC यांच्यामध्ये आत केवळ जाड तारेचा एक तुकडा असतो. त्याचा रोध ओहमच्या शंभराव्या भागाच्या आसपास. अशा स्थितीत दोन्ही टोके फेज आणि न्यूट्रलला टेकवली तर ते व्होल्टेज मोजणे नसते. हातात धरलेल्या तारेने लाइन शॉर्ट करणे असते. नॉब व्होल्टवर आहे की नाही याने काही फरक पडत नाही, कारण तो तारेचा तुकडा सॉकेटांशी कायम जोडलेला असतो. आणि त्याच सॉकेटजवळ बारीक अक्षरांत छापलेले असते: UNFUSED. म्हणजे या रस्त्यात फ्यूज नाही. मधल्या सॉकेटच्या रस्त्यातला फ्यूज काचेचा आणि छोटासा असतो, पण निदान असतो; वरच्याला तोही नाही.

ही चूक अडाणीपणाने होत नाही, हे इथे मुद्दाम सांगायला हवे. सकाळी कुणीतरी बॅटरीचा करंट मोजतो, लाल वायर वरच्या सॉकेटमध्येच राहते, दुपारी दुसरा माणूस मीटर उचलतो, नॉब फिरवून ७५० वर आणतो आणि थेट पेटीत घालतो. चांगली सवय असलेले वायरमन अँपिअर मोजून झाले की लाल वायर लगेच मधल्या सॉकेटमध्ये परत आणतात आणि मगच मीटर खाली ठेवतात. महागड्या मीटरमध्ये या रस्त्यावर हजार व्होल्टपर्यंतचा, वाळू भरलेला सिरॅमिक फ्यूज असतो. तो जळतो, पण फुटत नाही. फोटोतून मात्र आतला फ्यूज दिसत नाही, आणि मूळचा फ्यूज गेल्यावर कुणी तिथे तार गुंडाळली असेल तर तेही दिसत नाही.

या नमुन्याची आणखी एक मर्यादा त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलेली आहे. 10ADC मधली शेवटची दोन अक्षरे म्हणजे डीसी. गिझर, पंप, कूलर यांचा एसी करंट हा मीटर मोजूच शकत नाही, कुठल्याही सॉकेटमधून नाही. दोन किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण पावणेनऊ अँपिअर घेतो. तो आकडा दहाच्या आत बसतो म्हणून कुणी 10ADC ला लावायला गेला तर करंट वाहील, तार तापेल आणि काचेवर निरर्थक आकडा दिसेल. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम एकाच पेटीत मोजण्याची सोय १९२३ साली ब्रिटनमध्ये अ‍ॅव्होमीटरच्या रूपाने बाजारात आली. टपाल खात्यातले अभियंते डोनाल्ड मॅकॅडी यांनी ती घडवली. वेगवेगळी तीन उपकरणे सोबत वागवायचा त्यांना कंटाळा आला होता. एका पेटीत तिन्ही मोजमापे आली ती सोय झाली, पण त्याबरोबर सॉकेट चुकण्याची शक्यताही त्याच पेटीत आली.

मल्टिमीटरच्या फोटोत आणखी एक जागा पाहायची असते, सॉकेटांच्या आसपास किंवा मागच्या बाजूला छापलेली CAT ही अक्षरे आणि त्यापुढचा रोमन आकडा. आयईसी ६१०१० या आंतरराष्ट्रीय मानकाची ही वर्गवारी. भिंतीवरच्या सॉकेटला लावायच्या उपकरणांसाठी CAT II, घराच्या किंवा इमारतीच्या वितरण पेटीसाठी CAT III, आणि विजेचा मीटर, त्याच्या अलीकडची सर्व्हिस वायर व डीपी यांच्यासाठी CAT IV. आकडा वाढतो तो नेहमीच्या व्होल्टेजमुळे नव्हे. डीपीच्या जितके जवळ जावे तितका शॉर्ट झाल्यावर वाहणारा करंट मोठा आणि वीज कोसळल्यावर किंवा लाइन जोडता-तोडताना येणारा क्षणिक उसळा जोरदार. दोन मीटरांवर ६०० व्होल्टच लिहिलेले असले तरी CAT II वाल्याने डीपीखालच्या पेटीत जाऊ नये. छापील अक्षरे खरी आहेत की नुसतीच छापली आहेत हे फोटोवरून ठरत नाही, पण अक्षरेच नसतील तर निर्णय सोपा आहे.

टोकांचाही एक फोटो मागवावा. ब्रिटनच्या कामगार-सुरक्षा यंत्रणेची जीएस-३८ ही मार्गदर्शिका सांगते की प्रोबच्या टोकाचा उघडा धातू ४ मिलिमीटरहून जास्त नसावा, आणि जमल्यास २ मिलिमीटरच असावा. पिवळ्या मीटरसोबत येणाऱ्या प्रोबला सहसा याच्या कितीतरी पट लांब सळई उघडी असते. दाटीवाटीच्या पेटीत ती घसरली की दोन फेजांमध्ये आडवी पडते. त्या सळईवर टोक सोडून बाकीच्या भागावर प्रोबच्याच मापाचे इन्सुलेटेड टोपण चढवलेले दिसले तर समजावे, वापरणारा माणूस जाणता आहे.

क्लॅम्प मीटरच्या फोटोत सुरक्षेपेक्षा समजुतीच्या चुका जास्त सापडतात. सर्वांत नेहमीची म्हणजे जबड्यात अख्खी केबल. दोन तारांच्या केबलमधून जेवढा करंट फेजमधून जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत येतो. दोघांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना मारतात आणि काचेवर शून्य येते. पाहणाऱ्याला वाटते, लाइन बंद आहे. तीन फेजची अख्खी केबल जबड्यात घातली तरी तेच. जबड्यात एकच तार, जबडा पूर्ण मिटलेला आणि तार शक्यतो त्यावर कोरलेल्या खुणेच्या मध्यावर, असे दिसले तरच आकडा विश्वासाचा. म्हणजे मोजण्यासाठी केबलचे वरचे आवरण जिथे सोललेले असते आणि तारा सुट्या होतात तीच जागा, अर्थात पेटीच्या आत, टर्मिनलच्या अगदी जवळ. क्लॅम्प मीटर तारेला टेकत नाही म्हणून तो निर्धोक, असे म्हणताना हात कुठे जातो आहे तेही पाहावे लागते. जबड्याच्या मुळाशी एक उभार कड असते. बोटे त्या कडेच्या मागेच राहायला हवीत.

दुसरी चूक सौर पंपांमुळे वाढली आहे. महाराष्ट्रात शेतोशेती सौर पॅनेल उभी राहिली आणि पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंत येणाऱ्या तारांमध्ये डीसी वाहू लागला, तोही शेकडो व्होल्टचा. नेहमीचा क्लॅम्प मीटर आत ट्रान्सफॉर्मरसारखा असतो, त्याला बदलता करंटच कळतो. त्याने पॅनेलच्या तारेला कडे घातले तर भर दुपारी, तारेतून सात-आठ अँपिअर वाहत असतानाही तो शून्य दाखवील. ते शून्य पाहून कुणी जोड ओढून काढला तर तिथे ठिणगी पडत नाही, ज्योत लागते. डीसीची ज्योत एसीसारखी क्षणाक्षणाला शून्यावरून जात नसल्याने आपण होऊन सहसा विझत नाही. डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरच्या जबड्यात वेगळा सेन्सर असतो. फोटोत तो दोन खुणांवरून ओळखू येतो: अँपिअरच्या अक्षराजवळ नागमोडी रेषेसोबत सरळ रेषाही असते, आणि मोजण्याआधी आकडा शून्यावर आणायचे एक बटण असते. नुसती नागमोडी रेषा असेल तर तो मीटर सौर पॅनेलसाठी नाही.

आणि एसीवरही क्लॅम्प मीटरचे शून्य म्हणजे तार मृत, असा अर्थ कधीच होत नाही. पंखा बंद असलेल्या बोर्डात करंट शून्यच असतो, व्होल्टेज मात्र पूर्ण २३०.

मग साध्या बल्बची गरज काय उरते? त्याचे उत्तर भुताटकी व्होल्टेजमध्ये आहे. चांगल्या डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रोध १० मेगाओहमच्या आसपास असतो. एका पाइपमधून दोन तारा शेजारी शेजारी दहा-पंधरा मीटर गेल्या आणि त्यांतली एक जिवंत, दुसरी दोन्ही टोकांना तुटलेली असली, तरी तुटलेल्या तारेवर शेजारणीमुळे थोडा विद्युतभार चढतो. मीटर लाइनकडून काहीच मागत नसल्याने त्या क्षीण भाराचाही आकडा दाखवतो, ६०, ९०, कधी १४० व्होल्ट. वायरमन म्हणतो, "व्होल्टेज कमी येतंय," आणि तासभर नसलेला सैल जोड शोधत बसतो. त्याच तारेला ६० वॅटचा बल्ब लावला की तो भार क्षणात सांडून जातो, बल्ब ढिम्म पेटत नाही आणि तार तुटलेली आहे हे कळते. बल्बचा पेटता रोध हजार ओहमच्याही खाली असतो. भुताटकीला तेवढा बोजा झेपत नाही.

इथेच अलीकडचा एक मोठा घोटाळा आहे. तारेचे जुने बल्ब दुकानांतून हळूहळू नाहीसे होत चालले आणि टेस्ट लॅम्पच्या होल्डरमध्ये एलईडी बल्ब येऊन बसले. एलईडी बल्ब अगदी क्षीण भारावरही लुकलुकतो किंवा मंद जळतो, आणि व्होल्टेज बरेच पडले तरी बहुतेक बल्ब पूर्ण उजेडच देतात. म्हणजे टेस्ट लॅम्पचा एकुलता एक गुण, बोजा टाकून खरे-खोटे करण्याचा, एलईडीने काढून घेतला. फोटोत पारदर्शक काचेतली तार दिसते की दुधी रंगाची प्लॅस्टिकची टोपी दिसते, हे म्हणून आवर्जून पाहावे. दुधी टोपी दिसली तर तो टेस्ट लॅम्प नाही, नुसता दिवा आहे.

घरी बनवलेल्या टेस्ट लॅम्पच्या मर्यादा त्याच्या गुणांइतक्याच ठळक आहेत. एक बल्ब २३० व्होल्टचा. तो दोन फेजांमध्ये लावला तर त्याच्यावर ४१५ व्होल्ट येतात आणि काच फुटू शकते. जुने वायरमन त्यासाठी दोन बल्ब एकामागे एक जोडतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे २०७. पण दोन्ही बल्ब एकाच वॅटचे हवेत. ४० आणि १०० वॅटचे बल्ब एकत्र जोडले तर बहुतेक सगळे व्होल्टेज ४० वॅटच्या बल्बवर जाते आणि फुटतो तो. फेज आणि अर्थिंगमध्ये लावला तर १०० वॅटचा बल्ब ४३० मिलिअँपिअर जमिनीत ढकलतो, त्यामुळे ३० मिलिअँपिअरवर तुटणारा ब्रेकर लगेच पडतो. त्याला काही दोष समजू नये, पण बाकीचे घर अंधारात जाते. उघडा होल्डर, जाळी नसलेली काच, सोललेली टोके आणि मध्ये फ्यूज नाही, असा लॅम्प फोटोत दिसला तर त्याऐवजी दोन टोकांचा, बंदिस्त, दिव्यांचा व्होल्टेज टेस्टर सुचवावा. त्यातल्या काहींना बोजा टाकायचे बटण असते आणि ते बल्बचेच काम करते.

तिन्ही साधने एकाच दुपारी कशी कामाला येतात, यासाठी पुस्तिकेच्या शेवटी दिलेल्या फोटोंच्या मालिकेतला प्रसंग इथे थोडक्यात मांडतो. विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची तीन फेजची मोटर. आवाज बदलला, पाणी कमी आले, म्हणून शेतकऱ्याने फोन केला. आयटीआय नुकतेच झालेला पोरगा साधने घेऊन गेला. पहिला फोटो चालू मोटरच्या स्टार्टरचा. मल्टिमीटर ७५० वर, लाल वायर मधल्या सॉकेटमध्ये, सगळे ठीक. लाल-पिवळा ४०८, पिवळा-निळा ३८६, निळा-लाल ३८२.

"मामा, तिन्ही फेज आहेत. निळा जरा कमी वाटतोय."

"व्होल्टेज राहू दे बाजूला. टोंग लाव. एकेका वायरीला लाव, सगळ्यांना मिळून नको."

दुसऱ्या फोटोत क्लॅम्प मीटरचा जबडा लाल तारेभोवती, काचेवर १३.१. तिसऱ्यात पिवळ्याभोवती १३.०. चौथ्यात निळ्याभोवती ०.०.

मोटर दोन फेजवर चालली होती. या मोटरचा पूर्ण भाराचा करंट साडेसात अँपिअरच्या आसपास. चालता चालता एक फेज गेला की उरलेल्या दोन तारांवर तो साधारण पावणेदोन पट होतो, म्हणून १३. आणि मल्टिमीटर फसला तो मोटरमुळेच. फिरती मोटर तुटलेल्या फेजच्या टर्मिनलवर आतून स्वतःच व्होल्टेज तयार करते, जवळजवळ पूर्ण. तिथे टेस्ट लॅम्प लावला असता तर तोही पेटला असता, कारण या व्होल्टेजच्या मागे मोटरचा दम आहे. वाहणारा करंट विचारणारे साधनच इथे खरे बोलू शकत होते. स्टार्टरच्या रिलेने मोटर केव्हाच बंद करायला हवी होती, पण पुढच्या फोटोत त्याची चकती १४ अँपिअरवर फिरवलेली दिसते.

"बंद कर. आधी बंद कर."

मोटर थांबली. आता प्रश्न असा की निळा फेज गेला कुठे, मागे डीपीवर की पेटीतल्या किटकॅट फ्यूजमध्ये. किटकॅटच्या खालच्या टर्मिनलवर, म्हणजे फ्यूजच्या मोटरकडच्या बाजूला, मल्टिमीटर लाल-निळा १२० च्या आसपास डगमगता आकडा दाखवत होता. एकदा ११२, एकदा १३४. हीच ती भुताटकी, शेजारच्या दोन जिवंत तारांनी चढवलेली. मग पोराने दोन बल्बांचा टेस्ट लॅम्प काढला. तो दोन्ही २०० वॅटचे, जाळीतले बल्ब घेऊन गेला होता, आणि सुरुवात त्याने लाल-पिवळ्यापासून केली, कारण आधी लॅम्प पेटतो हे जिवंत जागी पाहायचे असते. दोन्ही बल्ब लख्ख. खालच्या टर्मिनलवर लाल-निळा: काहीच नाही. वरच्या टर्मिनलवर, फ्यूजच्या अलीकडे, लाल-निळा: दोन्ही बल्ब पुन्हा लख्ख. डीपी ठीक, फेज पेटीपर्यंत येतो आहे, मधला किटकॅट तुटला आहे. शेवटी पुन्हा एकदा लाल-पिवळ्यावर लॅम्प टेकवून तो मधल्या वेळात गेलेला नाही याची खात्री केली.

मेन स्विच पाडून, निळ्या फेजचा किटकॅट ओढून हातात घेतल्यावर तिसऱ्यांदा मल्टिमीटर निघाला, या वेळी ओहमवर आणि लाइनपासून सुटलेल्या वस्तूवर. दोन पात्यांमध्ये १ हा आकडा डाव्या कडेला स्थिर, म्हणजे रस्ता तुटलेला. तार स्क्रूखाली करपून तुटली होती; स्क्रू सैल होता आणि तिथली चिनीमाती काळी पडली होती.

नवी तार योग्य जाडीची घातली, स्क्रू आवळला, रिलेची चकती ८ वर आणली. मालिकेतले शेवटचे तीन फोटो पुन्हा क्लॅम्प मीटरचे आहेत. लालवर ७.६, पिवळ्यावर ७.४, निळ्यावर ७.५. तिसऱ्या फोटोच्या कोपऱ्यात पाइपातून पडणाऱ्या पाण्याची धार दिसते.